मदत हवी आहे: दोन-दोन, पाच-पाचचं टाळ्यांचं गाणं म्हणतात, पण मोजत नाहीत

बालवर्ग_बडोदे
दांडिया बाजाराजवळ माझा बालवर्ग आहे. १४ मुलं, साडेतीन ते साडेचार वर्षांची, निम्मी गुजराती घरांतली. त्यांच्यासाठी हे रचलं:

दोन, चार, उघडा दार
सहा, आठ, मांडा पाट
दहा झाले, बसा सारे

म्हणतात छान. पण काल "सहा"वर थांबवून तेवढ्या चपला मांडायला सांगितल्या, तर बहुतेकांनी तीनच मांडल्या. टाळ्या प्रत्येक शब्दावर वाजतात. पाचचं गाणं तर "पंधरा"ला विस्कटतं. कुठे चुकतंय?

गरबाप्रेमी
बे ताळीच्या गरब्यावर म्हणवून घ्या. लय मुलांच्या अंगात असतेच.

जुनी_शिशुताई
लय मिळेल, पण बे ताळीत दोन्ही टाळ्याच असतात. मुलाला एक आणि दोन वेगळे ऐकू यायला हवेत.
तीन चपला का, ते बघा. सहापर्यंत आकडे तीनच आले आणि मुलांनी तेच मोजले. मधले एक, तीन, पाच त्यांच्या हाताला लागलेच नाहीत. म्हणून गाणं चार दिवस बाजूला ठेवा. "एक" हळू म्हणून मांडीवर थाप, "दोन" मोठ्याने आणि टाळी; असं दहापर्यंत. जमलं की हळू आकडे नुसते ओठांत, थाप मात्र पडलीच पाहिजे. मग गाणं परत आणा. "उघडा दार"ला टाळी नको, दार उघडायची नक्कल करू दे.
पाचसाठी चार मुलं उभी करा. एकेकाने पंजा वर करायचा आणि सगळ्यांनी टाळीसकट पाच, दहा, पंधरा, वीस म्हणायचं. "पंधरा" लांब, म्हणून मुलं दोन टाळ्या देतात. टाळी "पं"वर, बाकीचा शब्द तसाच सोडा आणि प्रत्येक आकड्यानंतर श्वासाएवढं थांबा. या वयात वीसपुढे नको, पुढचं नुसतं पाठांतर होतं.

निवृत्त_मास्तर
आम्ही सरळ "बे एके बे, बे दुणे चार" घेत असू. "बे" गुजराती मुलांनाही ओळखीचं.

दोघींची_आई
माझी धाकटी "दोन, चार, छ, आठ" म्हणते. शाळेत गुजराती, घरी मराठी. दुरुस्त करावं का?

बालवर्ग_बडोदे
मास्तर, पाढा इतक्यात नाही घेणार, पण "बे"चं लक्षात ठेवते.
ताई, मांडीची थाप चार दिवस घेतली. आज नऊ मुलांनी सहा चपला मांडल्या. तिघांनी अजून तीनच. दोघं थाप आणि टाळी एकदमच देतात, त्यांच्यासोबत समोर बसून हात धरून करतेय. पंजे मात्र पहिल्याच दिवशी जमले, "पंधरा"ला एकच टाळी.
"छ" माझ्याकडेही आहे. त्याने "आठ"शी यमक बिघडत नाही, म्हणून मी टोकत नाही. पण दोन मराठी आयांना ते खटकलंय. कुणी दोन्ही भाषांची मुलं एकत्र बसवली आहेत का? गाण्यात कुठला आकडा ठेवलात?

जुनी_शिशुताई
माझ्या वर्गात सगळी मराठीच होती, त्यामुळे "छ"चं मी नाही सांगू शकत. त्या तिघांना एकेका चपलेवर थाप मारू द्या, टाळी प्रत्येक दुसऱ्या चपलेवर.