फोटोत माणसाला ‘बारीक करणं’: फॉर्मवर कोणता शब्द लिहावा?

अल्बमवाली_इंदूर:
नमस्कार मंडळी, मी इंदूरला लग्नाचे अल्बम करते. आमच्या ऑर्डर फॉर्मवर आत्तापर्यंत हिंदीत ‘स्लिम करना है’ असा एक चौकोन होता, आता रामबाग-मनोरमागंजच्या मराठी गिऱ्हाइकांसाठी मराठी फॉर्म करतेय आणि तिथेच अडकले. ‘सुधारणा’ लिहिलं तर आई म्हणाली अगं आपल्यात तब्येत सुधारली म्हणजे वजन वाढलं, आणि तू तर उलटं करणार. ‘दुरुस्ती’ लिहावं तर वाटतं की बाईचं अंग काय मोडलंय का, दुरुस्त करायला?

नुसता शब्दाचा प्रश्न नाहीये. मागच्या आठवड्यात एक ग्रुप फोटो केला, पंधरा माणसं एका रांगेत, हॉल छोटा म्हणून फोटोग्राफरने २४ एमएमवर काढलेला. नवरीची मावशी डाव्या टोकाला, फारच रुंद दिसतेय. नवरीची ताई त्या दिवशी नव्हती, तिला दुसऱ्या फोटोतून कापून मध्ये बसवायचंय. घरच्यांचं म्हणणं, मावशीला बारीक करा आणि ताईला पण थोडी करा, करताच आहात तर. ही दोन कामं मला एक वाटत नाहीत पण फॉर्मवर चौकोन एकच आहे.

सौ_बडोदा:
मुलीला ‘बारीक’ म्हणू नये, आमच्याकडे सासूबाई ‘सडपातळ’ म्हणायच्या, ‘रोड’ म्हटलं की आजारी वाटतं. बारीक व्हायला मी रात्रीचा भात सोडला, चार महिन्यांत फरक पडला.

अल्बमवाली_इंदूर:
काकू, खरोखरचं बारीक होणं नाही हो, फोटोत करणं. पण ‘रोड’ची गोष्ट बरोबर आहे, लक्षात ठेवते.

ग्वाल्हेरचा_पक्या:
सरळ ‘लेन्स दुरुस्ती’ लिहा ना. कॅमेरा सगळ्यांनाच जाड दाखवतो, तेवढं कमी केलं तर त्यात खोटं काय. फक्त मावशीच्या मागे भिंतीवर घड्याळ वगैरे असेल तर बघून घ्या, ते गोल दिसत असेल तर लेन्सचा दोष नाही, मग मावशीच तशी आहे.

जुना_फोटूवाला:
पक्या, अर्धं बरोबर बोललास. कॅमेरा सगळ्यांना जाड दाखवत नाही. रुंद लेन्स टोकाच्या माणसाला आडवं ताणते, मधल्याला नाही. आणि घड्याळ बघून काहीच कळणार नाही, कारण ते सपाट असतं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून भिंतीला लागलेलं असतं, अशी वस्तू टोकाला पण गोलच राहते. ताणली जाते ती चेंडूसारखी वस्तू, म्हणजे डोकं, गोल काचेचा दिवा. म्हणून भिंत एकदम नीट दिसते आणि माणूस तेवढा पसरलेला दिसतो, लोकांना वाटतं माणूसच तसा.

फुल फ्रेमवर २४ एमएम असेल तर अगदी काठावर डोकं साधारण पाव हिस्सा जास्त रुंद येतं, थोडं आत असेल तर पंधरा-अठरा टक्के. तोच ग्रुप मागे सरकून ५० एमएमने काढला असता तर काठावर पण पाच-सहा टक्केच.

आता तुम्ही थांबायचं कुठे ते चेहराच सांगतो. मावशीचा त्याच दिवसाचा फ्रेमच्या मधोमध आलेला फोटो शोधा, समोर बघणारा. त्यात कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत उंची मोजा आणि कानाजवळची रुंदी मोजा. मग ग्रुपमधलं तेच माप घ्या. मधल्या फोटोत रुंदी उंचीच्या ७२ टक्के असेल आणि टोकाला ८५, तर ७२ भागिले ८५, म्हणजे मावशीला आडवं सुमारे ८५ टक्क्यांवर आणायचं. पण अख्ख्या मावशीला, चेहऱ्यासकट, एका झटक्यात. वेगळ्या लेयरवर कापून घ्या, फोटोशॉपच्या फ्री ट्रान्सफॉर्ममध्ये साखळीची खूण बंद करून फक्त डब्ल्यू ८५, मागची भिंत भरून टाका. चेहरा जुळला की लेन्सचं देणं फिटलं. त्यानंतर चेहरा तसाच ठेवून कंबर आत घ्यावीशी वाटली तर ती लेन्स नाही, ते तुम्ही करताय.

अल्बमवाली_इंदूर:
काका, हे फार कामाचं सांगितलंत, आत्ताच मोजून बघितलं, मावशीचं ८७ आलं. तेवढं केल्यावर मावशी मावशीसारखी दिसायला लागली, घरचे म्हणतील अजून करा, पण आता माझ्याकडे सांगायला काहीतरी आहे.

ताईचं मात्र वेगळंच. तिचा फोटो ८५ एमएमचा, कुठेच ताणलेली नाही, म्हणजे तुमच्या हिशोबाने तिला हात लावायला जागाच नाही.

जुना_फोटूवाला:
नाहीच आहे. आणि कंपोझिटमध्ये जास्त सांभाळा. साध्या फोटोत लिक्विफायने कंबर ढकलली की मागची फरशी वाकते, दाराची चौकट वाकते, बघणारा पकडतो आणि आपला हात पण थांबतो. इथे ताई आधीच कापलेली आहे, मागे काहीच नाही वाकायला, त्यामुळे हात चालतच राहतो. अशा वेळी साडीचा काठ बघायचा. माहेश्वरी असेल तर काठाच्या पट्ट्या कंबरेपाशी एकमेकींजवळ आलेल्या दिसतात, बांगड्या अंडाकार होतात, आणि धड बारीक होऊन डोकं तेवढंच राहिल्यामुळे माणूस बाहुलीसारखा दिसतो. लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवा म्हणजे लिक्विफाय काढून टाकता येतो, आणि दुसऱ्या दिवशी मूळ फोटोशी ताडून बघा. रात्री तासभर बघून बघून बदललेलंच खरं वाटायला लागतं.

मनू_इंदूर:
मी दुसऱ्या बाजूने सांगते. चुलतभावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझे दंड आणि पोट कमी केलेलं होतं, मी तेव्हा दहावीत. कोणी विचारलं नव्हतं. आख्ख्या ओळीत फक्त मला केलं होतं, काकूला नाही, आत्याला नाही, मग मी तो अल्बम घेऊन बसायचे आणि बघायचे की कुठे कुठे केलंय, म्हणजे कुठे कुठे नको होतं. तोवर दंडांकडे माझं लक्षच नव्हतं. फुल बाह्यांचे ड्रेस तेव्हापासून. फॉर्मवर कोणताही शब्द लिहा, पण ‘कोणाला’ आणि ‘त्या व्यक्तीला विचारलं का’ हे दोन रकाने ठेवा प्लीज.

ग्वाल्हेरचा_पक्या:
हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. फ्रान्समध्ये तर कायदाच आहे ना की बदललेल्या फोटोवर लिहायचं? तसं अल्बमवर छापा.

जुना_फोटूवाला:
आहे, १ ऑक्टोबर २०१७ पासून, पण तो जाहिरातीतल्या मॉडेलच्या फोटोंसाठी, अंग बारीक किंवा जाड केलं असेल तर. घरगुती अल्बमला नाही लागत. आणि अशी पट्टी वाचून बघणाऱ्या बायकांना स्वतःबद्दल बरं वाटतं का, तर बऱ्याच प्रयोगांत फारसा फरक दिसलेला नाही. मनूने सांगितलं त्यात पट्टीने काय झालं असतं, उलट तिच्या फोटोखालीच लिहून आलं असतं.

सौ_बडोदा:
आता समजलं मला. मग ‘बांधा बदलणे’ म्हणा. बांधा म्हणजे अंगाची ठेवण, त्यात चांगलं-वाईट काही नाही. आणि लेन्सचं असेल त्याला ‘ताण काढणे’.

अल्बमवाली_इंदूर:
काकू, दोन्ही घेते! ‘ताण काढणे’ आम्ही न विचारता सगळ्यांनाच करू, त्याला चौकोन नको. ‘बांधा बदलणे’ फक्त स्वतःच्या सहीने, १८ च्या खालच्यांना अजिबात नाही. ताईला उद्या फोन लावते, ती नको म्हणाली तर जशी आहे तशी बसवणार, घरचे काहीही म्हणोत.

एक राहिलं. बसल्यावर साडीच्या निऱ्या फुगून पोट आल्यासारखं दिसतं, ते दाबलं तर कपड्याचं काम की बांध्याचं? मी आत्तापर्यंत कपड्याचंच धरत आले.

जुना_फोटूवाला:
मी कपड्याचं धरतो, काठाची रेघ सरळ होईपर्यंतच.

मनू_इंदूर:
मी नाही धरत. निऱ्या कुठे संपल्या आणि पोट कुठे सुरू झालं हे एडिट करणारा ठरवणार का? ते पण विचारा.