ऋणनिर्देश दोन पानांवरून एका पानावर कसा आणावा? मदत हवी आहे

नमस्कार. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या धालोगीतांवरच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्यगीतांवरच्या, मराठी शोधप्रबंधाचा ऋणनिर्देश तपासतेय. 38 नावं आहेत आणि 'मोलाचे सहकार्य लाभले' नऊ वेळा! कोणतंही नाव बदलून टाकलं तरी वाक्य तसंच चालतं, खरी अडचण तीच.

प्रत्येक नावापुढे समासात त्यांनी नेमकं काय केलं ते एका क्रियापदात लिहिलं. एकाच कामाची नावं एका वाक्यात आली. ज्यांच्यापुढे काहीच सुचलं नाही, ती सात गाळली. 'ग्रंथपालांचे मोलाचे सहकार्य लाभले' याचं आता असं झालंय: 'पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातील ग्रंथपालांनी जुन्या नियतकालिकांचे अंक शोधून दिले.'

क्रम मार्गदर्शक, सल्लागार समिती, ग्रंथालय, गायिका, घरची मंडळी असा आहे. अडलंय ते गायिकांपाशी. मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या जागेवर, गाणाऱ्या 14 जणींची नावं इथे घातली तर पुन्हा यादी होते, 'सर्व गायिका' म्हटलं तर ज्यांची गाणी त्याच पुसल्या जातात. नावं, गाव आणि गीतक्रमांक परिशिष्टात देऊन इथे एकच वाक्य ठेवावं का? आणि त्यांना मार्गदर्शकांच्या लगेच नंतर, समितीच्या आधी घेतलं तर परीक्षकांना खटकेल का? नावं छापायला त्यांची संमती घेतलेली आहे.