मदत हवी आहे: टाकी उपसताना थराचं अंतर कुठून मोजायचं?

बारावीनंतरचं इंटिग्रेशन करतेय आणि एका गणितावर दोन दिवस अडकलेय. टोक खाली असलेली शंकूची टाकी, उंची 4 मीटर, वरची त्रिज्या 2 मीटर, पाणी 3 मीटरपर्यंत. सगळं पाणी काठापर्यंत उपसायचं.

टोकापासून y उंचीवर पातळ थर घेतला. समरूप त्रिकोणांवरून त्याची त्रिज्या y/2, म्हणून वजन 9800·π(y²/4)dy. तो (4−y) मीटर चढतो. आधी मर्यादा 0 ते 4 घेतली आणि उत्तर साधारण 1.64 लाख जूल आलं. मग लक्षात आलं, पाणी 3 मीटरपर्यंतच आहे, वरच्या मीटरात थरच नाहीत.

W = 2450π ∫₀³ (4y² − y³) dy = 2450π × 15.75 ≈ 1.21 लाख जूल

हे पुस्तकाशी जुळतं. पण आमच्या गच्चीवरच्या टाकीत पंपाची नळी तळापर्यंत जाते. मग प्रत्येक थर तळाशी येऊन पूर्ण 4 मीटर चढत नाही का? तसं धरलं तर 2.77 लाख येतात! वरचं पाणी खाली येताना जी ऊर्जा देतं, तिच्यामुळे हा फरक भरून निघतो का? कुणी नीट समजावून सांगाल का?