मदत हवी आहे: माती परीक्षणाचा अहवाल शेतकऱ्याला कळेल असा कसा लिहू?

काळीभोर:
मराठवाड्यातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. अहवालासोबत आम्ही शिफारशीचं एक पान देतो. लोक ते घडी करून खिशात टाकतात आणि वर विचारतात, "ते ठीक आहे ताई, पण युरिया किती पोती?" साहेबांचं म्हणणं, पान आठवी शिकलेल्याला कळलं पाहिजे. कोरडवाहू कापसाच्या एका शेताचा मजकूर असा आहे:

"मृदेतील उपलब्ध नत्राचे प्रमाण कमी असल्याने शिफारशीत मात्रेपेक्षा २५ टक्के अधिक नत्र देण्यात यावे. स्फुरद मध्यम असल्याने शिफारशीत मात्रा द्यावी. सामू ८.२ असल्याने जस्ताची उपलब्धता बाधित होते, सबब झिंक सल्फेटचा वापर हितावह राहील."

शिफारशीत मात्रा आम्ही नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी १२०:६०:६० किलो धरतो. मी वाक्यं तोडून पाहिली: "नत्र कमी आहे. २५ टक्के जास्त द्या. सामू ८.२ आहे. झिंक सल्फेट वापरा." मग दोन्ही मजकूर इयत्ता सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकले. दोन्ही पदवीच्या वरचे निघाले! अजून किती तोडू?

सरळसोट:
तोडत बसू नका, आकडेच काढून टाका. शेतकऱ्याला पोती सांगा. १२० वर २५ टक्के म्हणजे हेक्टरी १५० किलो नत्र, एकरी ६०. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे १३० किलो युरिया, ४५ किलोची जवळजवळ तीन पोती. "एकरी तीन पोती युरिया टाका." झालं पान.

बांधावरून:
विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या अहवालात पीएच ८.४ आलाय. शेजारी म्हणतो चुना टाक, जमीन सुधारते. दुकानात चुना आहे. किती टाकू एकरी?

खतवही:
बांधावरून, आधी तुम्हाला सांगतो कारण तुम्ही उद्या दुकानात जाल. चुना टाकू नका. चुन्यानं पीएच आणखी वर जातो. तो कोकणातल्या तांबड्या, आंबट जमिनीचा उपाय. आपल्या काळ्या जमिनीत बहुतेक वेळा चुनखडी मुळातच असते.

काळीभोर, त्यांचा प्रश्न तुमच्या पानासाठी उपयोगाचा आहे. नुसतं "सामू ८.२ आहे" वाचून माणूस काय करेल? उपाय शोधेल, आणि पहिला उपाय शेजारी सांगेल. काय करायचं नाही हेही त्याच ओळीत यायला हवं.

आता इयत्तेचं. ती संकेतस्थळं बहुधा किंकेडचं सूत्र वापरतात. ते १९७५ साली अमेरिकी नौदलासाठी बसवलं, इंग्रजीसाठी. एका वाक्यात शब्द किती आणि एका शब्दात अक्षरं किती, एवढंच ते मोजतं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. "शेजाऱ्यापाजाऱ्यांकडूनसुद्धा" हा लांबलचक शब्द पोराला कळतो, आणि "सबब" हा एवढासा शब्द बापाला अडवतो. त्या आकड्यावर पान ठरवू नका. वाक्य लहान ठेवायची सवय तेवढी घ्या.

पण तुमचं तोडलेलं रूप मूळ मजकुराइतकंच अवघड आहे. वाक्यं लहान झाली आणि "म्हणून" गळालं. पीएचचा आणि झिंकचा संबंध काय, हे आता वाचणाऱ्यानं ओळखायचं. शिवाय २५ टक्के कशाच्या वर, हे पानावर कुठेच नाही. तो हिशेब तुम्ही करून द्यायचा.

सरळसोट यांनी तो सुरू केला, पण युरियापाशीच थांबले. स्फुरदासाठी शेतकरी डीएपी आणणारच. हेक्टरी ६० म्हणजे एकरी २४ किलो स्फुरद. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद असतं, म्हणजे एक पोतं पुरे. त्याच पोत्यात ९ किलो नत्रही असतं. ६० मधून ते वजा केलं की ५१ उरतं. त्यासाठी युरिया लागतो १११ किलो, म्हणजे अडीच पोती. तीन टाकली तर अर्धं पोतं वाया, वर पाल्याचा माज आणि रसशोषक किडी.

पालाश आत्ता बाजूला ठेवतो, तुमच्या जमिनीत तो किती निघाला हे मजकुरात दिसत नाही.

सरळसोट:
डीएपीचं नत्र धरलं नव्हतं, मान्य. तरी आकडे काढा हे माझं म्हणणं कायम आहे.

खतवही:
प्रयोगशाळेचे काढा, दुकानातले ठेवा. पोती किती, कधी, किती दिवसांनी, हे शेतकऱ्याला आकड्यातच लागतं. पीएच मात्र मी ठेवीन. पुढच्या वेळी ताडून बघता येतो.

काळीभोर:
असं लिहिलं. बघा:

"तुमच्या जमिनीत नत्र कमी आहे, म्हणून या वेळी युरिया थोडा जास्त लागेल. कोरडवाहू कापसाला एका एकराला एक पोतं डीएपी आणि अडीच पोती युरिया आणा.
पेरताना डीएपीचं पूर्ण पोतं आणि युरियाचं अर्धं पोतं द्या. ३० दिवसांनी एक पोतं युरिया, ६० दिवसांनी एक पोतं युरिया. युरिया ओल असताना द्या आणि मातीनं झाका, नाहीतर त्यातलं नत्र हवेत उडून जातं.
तुमच्या जमिनीचा पीएच ८.२ आहे. अशा जमिनीत झिंक असलं तरी पिकाला नीट मिळत नाही, म्हणून एकरी १० किलो झिंक सल्फेट द्या. ते डीएपीत मिसळू नका. चुना टाकू नका."

खतवही:
कळतंय. फक्त झिंकची ओळ पीएचवरून लिहू नका, झिंक मोजून लिहा. ०.६ पीपीएमच्या खाली आलं तरच १० किलो. पीएच ८.२ असूनही झिंक पुरेसं निघालेली शेतं पाहिली आहेत. तिथे ही ओळ म्हणजे शेतकऱ्याला फुकटचा खर्च.

छापण्याआधी पान दोघातिघांना द्या. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "दुकानात जाऊन काय मागाल? महिन्याभरानं काय कराल?" तो पानाकडे न बघता जिथे अडखळेल, ते वाक्य बदला. युरिया तीन वेळा द्यायचा की अडीच पोती तीन वेळा, इथे कोणीतरी हमखास घसरतो.

बांधावरून:
चुना राहिला. मग जिप्सम टाकू का? पाणी साचतं आणि वाळलं की वर कडक पापुद्रा धरतो.

खतवही:
जिप्समचा उपयोग सोडियम जास्त असेल तर. नुसत्या पीएचवरून ते कळत नाही. पापुद्रा धरतो म्हणताय तर शंका घ्यायला जागा आहे. त्याच प्रयोगशाळेत सोडियमची तपासणी मागा, तोवर पैसे घालू नका.

काळीभोर:
पान काल दोघांना दाखवलं. एकानं बरोबर सांगितलं. दुसरे काका म्हणाले, "६० दिवसांनी पाऊस नसला तर?" याचं उत्तर पानात नाही. साहेब म्हणतात, प्रत्येक शक्यता लिहिली तर पानाची पुस्तिका होईल. मला वाटतं, कोरडवाहूत हाच प्रश्न सगळ्यांना पडणार. तुम्ही कोणी ही ओळ पानावर कशी घातली आहे का? आणि बागायतीचं पान वेगळं छापता की त्याच पानाच्या पाठीवर?