'कसोटी अपयशी' : नापास कोण झालं?

पाटीपेन्सिल: अभ्यासगटासाठी एकपानी टिपण केलंय. अनंत श्रेणी समोर आली की अभिसरणाची कोणती कसोटी लावायची, याचा फ्लोचार्ट. पहिली चौकट 'पदं शून्याकडे जातात का?' अशी आहे. पुढे क्रमगुणित किंवा घात दिसले की गुणोत्तर कसोटी, आणि तिथून तीन बाण. सीमा 1 पेक्षा लहान असेल तर अभिसारी, मोठी असेल तर अपसारी. 1 आली तर मी 'कसोटी अपयशी' लिहिलं, कारण इंग्रजी पुस्तकांत तिथे 'टेस्ट फेल्स' असतं. काल तिघांनी 1/n² ची श्रेणी घेतली, सीमा 1 काढली आणि लिहिलं, 'अपयशी, म्हणून अपसारी.' ती तर अभिसारी आहे! चौकटीत कोणता शब्द घालू?

निकष: 'अनिर्णीत'. सामना अनिर्णीत राहतो तसं.

कसदार: अनिर्णीत नको. अनिर्णीत सामन्याला खरोखरच निकाल नसतो. श्रेणीचा निकाल ठरलेला असतो, फक्त या कसोटीला तो सांगता येत नाही. म्हणून 'अनिर्णायक', आणि हे विशेषण कसोटीचं. मूळ घोटाळा मात्र 'अपयशी'त आहे. कसोटी म्हणजे सोनं घासून बघायचा दगड, संस्कृत कषपट्टिकेवरून आलेला. 'कसोटीला उतरलं नाही' असं आपण सोन्याबद्दल म्हणतो, दगडाबद्दल नाही. त्यामुळे मराठी कानाला 'अपयशी' ऐकलं की श्रेणीच नापास झाली असं वाटतं. त्या तिघांना मी दोष देणार नाही.

निकष: मग 'काठावर' लिहा. सीमा 1 म्हणजे श्रेणी काठावरची, सशर्त अभिसारी.

उजळणी: काठावर हे बरोबर, सशर्त हे चूक. 1/n आणि 1/n² दोन्हींना सीमा 1 येते. पहिली अपसारी. दुसरीची सगळी पदं धन आहेत आणि ती सरळ अभिसारी आहे, अट कसली? या चौकटीतून श्रेणीबद्दल काहीच बोलू नये.

आणि पाटीपेन्सिल, त्या चौकटीतून बाण कुठे जातो?

पाटीपेन्सिल: n-व्या मुळाच्या कसोटीकडे.

उजळणी: तो बाण खोडा. शब्दापेक्षा मोठी चूक तिथे आहे. गुणोत्तराची सीमा 1 आली असेल, तर n-व्या मुळाची सीमाही 1 च येते. म्हणजे मुलं पानभर आकडेमोड करून त्याच जागी परत येतील. ही श्रेणी देऊन बघा:

(2n)! / (4ⁿ (n!)²)

क्रमगुणित दिसतं, म्हणून तक्ता गुणोत्तराकडे पाठवतो. लगतच्या पदांचं गुणोत्तर (2n+1)/(2n+2), सीमा 1. पदं शून्याकडे जातात, म्हणजे पहिली चौकटही गप्प. आता पदाला aₙ म्हणा आणि n·aₙ कडे बघा. त्याचं पुढचं मूल्य आधीच्याच्या (2n+1)/(2n) पट, म्हणजे ते वाढतच जातं. सुरुवातीला ते 1/2 आहे, म्हणून प्रत्येक aₙ निदान 1/(2n) तरी असतो. 1/n ची श्रेणी अपसारी, म्हणून हीसुद्धा. बाण तुलना कसोटीकडे हवा. राबेची कसोटी शिकवली असेल तर तिच्याकडे न्या, इथे तिची सीमा 1/2 येते आणि निकाल तोच लागतो.

नमुनापेटी: मला गणित येत नाही, पण हा त्रास ओळखीचा आहे. मी तपासणीचे अहवाल मराठीत करायचे. 'अनिर्णायक' लिहिलं की लोक 'काही नाही निघालं' असं समजून निर्धास्त घरी जायचे. शेवटी मी विशेषणच काढलं आणि 'पुन्हा तपासणी करा' असं लिहायला लागले. मग लोक परत यायला लागले.

पाटीपेन्सिल: म्हणजे चौकटीत 'दुसरी कसोटी लावा'?

कसदार: सूचना चांगली आहे, पण मग का लावायची ते कळत नाही. 'ही कसोटी काही सांगत नाही, तुलना करा' असं पूर्ण वाक्य लिहा. आणि पहिल्या चौकटीतही तोच धोका आहे. पदं शून्याकडे जात नसतील तर अपसारी हे पक्कं. जात असतील तर तिथेही कसोटी गप्पच, आणि तिथे निम्मे विद्यार्थी 'अभिसारी' लिहून मोकळे होतात.

निकष: चौकटीत एवढं मावणार नाही. तक्त्याला एकच शब्द शोभतो.

उजळणी: मग चौकट मोठी करा.

शुद्धमती: तुम्ही सगळे बिनदिक्कत 'श्रेणी' म्हणताय. श्रेणी निकालपत्रावर असते. शाळेत आपण 'अंकगणिती श्रेढी' शिकलो ना?

कसदार: ती श्रेढी एकामागून एक मांडलेल्या संख्यांची. इथे बेरीज आहे. दोन्हींना एकच शब्द वापरलात, तर पदं शून्याकडे जातात म्हणजे बेरीजही मर्यादित, हाच गोंधळ पुन्हा होईल.

शुद्धमती: त्या संख्यांना 'क्रमिका' आहेच की. श्रेढी बेरजेला मोकळी ठेवा.

नमुनापेटी: मी तर आजवर 'मालिका' ऐकलंय.

पाटीपेन्सिल: तो बाण खोडला. चौकटीत काय लिहू ते अजून विचारतेय.

शुद्धमती: आधी टिपणाच्या मथळ्यातलं 'श्रेणी' दुरुस्त करा, मग चौकटीचं बघू.