स्थळाच्या फोटोतून कोडाचा डाग पुसावा का?

मधुरा, सातारा: धाकट्या बहिणीचा बायोडाटा तयार करतोय. तिच्या ओठाच्या कडेला कोडाचा छोटा डाग आहे, चष्मा उणे सहाचा. स्टुडिओवाल्याने न विचारताच डाग पुसला, चष्माही काढून टाकला. आई म्हणते, हाच फोटो पाठवू, बाकीचं भेटीत सांगू. मला पटत नाही. तुमचं मत?

विद्याताई: आईंचं ऐका. कोड स्पर्शाने पसरत नाही हे किती जणांना माहीत असतं? डाग दिसला की मुलीशी न बोलताच नकार येतो. निदान भेट तरी होऊ दे.

रोहन: माझ्या फोटोत वडिलांनी स्टुडिओतून कपाळावर केस भरून घेतले होते. मुलीच्या वडिलांनी दारातच विचारलं, "फोटोतले तुम्हीच का?" पुढे पोहे खाल्ले, पण बोलणं काही झालंच नाही. ताई, भेट मिळाली तरी ती अशी मिळते.

सुनीलकाका: बरीच वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. आठवड्याभरात आपोआप जाईल ते पुसायचं: पुटकुळी, घामाची चमक, उडालेली बट. कायमचं असेल त्याला हात लावायचा नाही. चष्म्याचं तर आणखी वाईट. उणे सहाच्या काचेमागे डोळे बारीक दिसतात आणि गालाची कड काचेत आत सरकते. चष्मा पुसला की डोळे आणि कड अंदाजानेच रंगवावी लागते, मग तो चेहरा बहिणीचा उरत नाही. त्यापेक्षा एक फोटो चष्मा लावून, एक खरोखर काढून घ्या. पाच-सहा फुटांवरून, खिडकीच्या उजेडात. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक उगाच मोठं येतं.

प्रशांत: लेसरने नंबर जातो, चष्म्याचं काय एवढं? पण डाग लपवलात तर सावध राहा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली लग्न रद्द होतं.

अॅड. मेघना: इतकं सरळ नाही. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. फसवणूक कळल्यापासून 1 वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यावरही राजीखुशीने संसार केला असेल तर अर्ज टिकत नाही. लग्नाआधी समोरासमोर पाहिलं असेल तर फक्त फोटोवर दावा उभा करणं अवघड. खरी अडचण लेखी उत्तराची. समोरच्यांनी "त्वचेचा काही त्रास?" असं विचारलं आणि तुम्ही "नाही" लिहिलंत, तर तो मेसेज पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो.

विद्याताई: कायदा राहू दे. नकार पचवायचा कोणी? त्या मुलीनेच ना?

मधुरा: काल बहिणीलाच विचारलं. ती म्हणाली, "पुसलेला फोटो बघून होकार आला, तर भेटीला जाताना मला जास्त भीती वाटेल." नवे फोटो रविवारी काढतोय. आई अजून नाराज आहे. डागाबद्दल बायोडाटात लिहायचं की पहिल्या फोनवर सांगायचं, यावर घरात वाद चालू आहे.

सुनीलकाका: फोनवर सांगा, आणि बहिणीने स्वतः सांगितलं तर उत्तम. फोटोत डाग दिसेलच.