अनुभव धागा: चार पानी संतापाचं पत्र साहेबांसमोर अर्ध्या पानात कसं मांडता?

धंतोलीकर_डेस्क: कूलरच्या दुकानांत तक्रार कक्ष सांभाळणाऱ्यांनी आपली पद्धत लिहावी. नमुन्याला एक पत्र, तारीख २६ एप्रिल, आमच्याकडे आवक २८ एप्रिल. आमच्या नोंदवहीत या ग्राहकाच्या फोनच्या ४ नोंदी आहेत, बिघाडाची नोंद ९ एप्रिलची. १२ एप्रिलला मोटर नेल्याचं जॉब कार्ड आहे, परत बसवल्याची नोंद नाही. चार पानांतला गाभा असा:

"तुम्ही लोक लुटारू आहात. २८ मार्चला ११,४०० रुपये मोजले, कूलर दहा दिवसही चालला नाही. तुमचा मेकॅनिक मोटर काढून घेऊन गेला तो गेलाच. छप्पन वेळा फोन केले. ८० वर्षांची आई या उन्हात तळमळून राहिली. सात दिवसांत नवीन कूलर द्या नाहीतर पैसे, नाहीतर ग्राहक मंचात खेचतो."

सीताबर्डी_कारकून: मी पत्र दोनदा वाचतो. पहिल्या वेळी फक्त मागणी शोधतो. ती बहुतेक शेवटच्या पानावर, सहीच्या वर असते, आणि सारांशात तिलाच पहिली ओळ द्यायची. दुसऱ्या वेळी तारीख, रक्कम आणि कोणी काय केलं, एवढ्याखाली रेघ मारतो. "लुटारू" सरळ गाळा. "छप्पन वेळा" मात्र गाळू नका. शिवीतून काही हाती लागत नाही, पण या शब्दामागे फोन केल्याची गोष्ट आहे. नोंदवहीत किती फोन आहेत ते बघून "वारंवार फोन केल्याचे म्हणणे, वहीत ४ नोंदी" असं लिहा.

महाल_वाला: ग्राहक मंचाची धमकी काढूनच टाकावी भाऊ. रागात सगळेच लिहितात, साहेब उगाच भडकतात. आणि आता मंच नाही, आयोग म्हणतात.

निवृत्त_तक्रारकक्ष: आयोगाचं बरोबर आहे, २०१९ च्या कायद्यापासून तेच नाव. पण इशारा काढायचा नाही. तो मागणीचाच भाग आहे, त्याच्यासोबत मुदत येते. उद्या प्रकरण आयोगात गेलं तर साहेब विचारतील की मला काहून सांगितलं नाही. फक्त "खेचतो" काढा आणि "जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा इशारा" लिहा.

मुदतीतही घोळ होतो. सात दिवस कधीपासून, हे पत्रात नाही. पत्राच्या तारखेपासून ३ मे, आवक तारखेपासून ५ मे. दोन्ही लिहा आणि काम ३ मे धरून करा.

आणखी एक गोष्ट नेहमी चुकते. राग काढता काढता कारकून ग्राहकाचं म्हणणं आपल्या तोंडून बोलतो. "मोटर सदोष होती" असं लिहिलं की ती दुकानाची कबुली वाचली जाते. उलट टोक म्हणजे "तथाकथित बिघाड". त्यात ग्राहक खोटा ठरतो. "मोटर बंद पडल्याचे तक्रारदाराचे म्हणणे, आपल्याकडे नोंद ९ एप्रिल" हे पुरतं. दहा दिवस की बारा, यावर वाद घालत बसू नका, नोंदीची तारीख बोलते.

मी असा लिहीन:

"मागणी: नवीन कूलर किंवा ११,४०० रुपये परत, ७ दिवसांत (३ मे, आवकेपासून ५ मे). न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा इशारा. खरेदी २८ मार्च. बिघाडाची नोंद ९ एप्रिल. १२ एप्रिलला आपल्या मेकॅनिकने मोटर काढून नेली (जॉब कार्ड आहे), परत बसवल्याची नोंद नाही. वारंवार फोन केल्याचे म्हणणे; वहीत ४ नोंदी. घरात ८० वर्षांच्या आईला उन्हाचा त्रास होत असल्याचे कळवले आहे. मूळ पत्र सोबत."

प्रतापनगर_ताई: माझ्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची तक्रार अशीच लिहू का? सेक्रेटरी ऐकतच नाहीत.

सीताबर्डी_कारकून: ताई, ते वेगळं. इथे दुसऱ्याचं पत्र लहान करणं चाललंय. तुम्ही स्वतःची तक्रार लिहिताय, पण मागणी पहिल्या ओळीत ठेवा, तेवढं तुमच्याही कामी येईल.

महाल_वाला: आईचं वाक्य कशाला ठेवलं? ती तर भावना झाली.

निवृत्त_तक्रारकक्ष: "तळमळून राहिली" ही भावना. ८० वर्षांचं माणूस घरात आहे ही वस्तुस्थिती, आणि नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो. कोणाच्या घरी आधी माणूस पाठवायचा, हे साहेब त्यावरूनच ठरवतील.

धंतोलीकर_डेस्क: आणि ग्राहक किती चिडलाय, हे सांगायचं की नाही?

सीताबर्डी_कारकून: मी "तक्रारदार अत्यंत नाराज" एवढी ओळ शेवटी टाकतो. साहेबांनी फोन करायच्या आधी त्यांना ते माहीत असावं.

निवृत्त_तक्रारकक्ष: मला ते पटत नाही. "अत्यंत" हे कारकुनाचं मोजमाप. त्यापेक्षा पत्रातलं एक वाक्य जसंच्या तसं अवतरणात द्या, शिवी नसलेलं. इथे "मेकॅनिक मोटर काढून घेऊन गेला तो गेलाच" हे चालेल.

सीताबर्डी_कारकून: आमचे साहेब अवतरण दिसलं की तेवढंच वाचतात, मागणी राहून जाते. ज्याच्या त्याच्या साहेबांवर आहे हे.